आगळाच्या एका बाटलीमागे खरे किती उरते?

वेंगुर्ल्याची आगळवाली
मी घरी केलेले कोकमाचे आगळ एका ऑनलाइन पोर्टलवरून महाराष्ट्रापुरते विकते. एक लिटरची बाटली घरपोच ३६० रुपयांना देते. बाटली भरून, लेबल लावून तयार होईपर्यंत १३० रुपये लागतात. पोर्टलचे कमिशन १२ टक्के आणि पैसे जमा करून घेण्याचा आकार २ टक्के असून दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. पॅकिंगला २२ आणि कुरिअरला ७० रुपये जातात. म्हणजे बाटलीमागे साधारण ७८.५० रुपये उरायला हवेत. मागच्या महिन्यात १०० बाटल्या पाठवल्या, त्यांतल्या १२ परत आल्या, पण हातात पडलेली रक्कम या हिशेबाशी जुळत नाही. परतीचे नुकसान बाटलीवर कसे लावायचे?

गुहागरकर
यात अवघड काही नाही. शंभरात बारा परत येत असतील, तर नफ्यातूनही १२ टक्के वजा करावेत. ७८.५० चे साधारण ६९ रुपये होतात. त्यातून पोर्टल कापून घेते तो टीडीएसही खर्च म्हणून वजा करावा, म्हणजे खरा आकडा मिळेल. मी माझ्या काजूचा हिशेब असाच ठेवतो.

देवगडचा बागायतदार
आमच्याकडे परत येण्याचा प्रश्नच नसतो, कारण पेटी परत येईपर्यंत आंबा संपलेला असतो. गिऱ्हाईक कापलेल्या फळाचा फोटो पाठवते, त्यात साका दिसला की आम्ही तेवढ्या फळांचे पैसे परत करतो. म्हणून ताईंनीही माल परत मागवूच नये, फोटो पाहून पैसे द्यावेत आणि विषय संपवावा.

चिपळूणची हिशेबनीस
मी लहान उद्योगांचे जमाखर्च लिहिते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गुहागरकरांच्या हिशेबात एक गोष्ट सुटली आहे. परत आलेल्या बाटलीवर नफा मिळत नाही एवढेच त्यांनी धरले आहे, पण त्या बाटलीवर पदरचे पैसेही गेलेले असतात, आणि ते पोचलेल्या बाटल्यांच्या नफ्यातूनच भरून निघायचे असतात. टीडीएस हा तर खर्चच नव्हे. तो तुमच्या नावावर आगाऊ जमा झालेला आयकर आहे. विवरणपत्र भरताना तो देय करातून वळता होतो किंवा परत मिळतो. शिवाय त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आला आहे, त्यामुळे तुमच्या ३६० रुपयांवर तो ३६ पैसे होतो. मात्र कमिशनवरचा जीएसटी ताईंनी खर्चात धरला ते बरोबरच आहे, कारण जीएसटीची नोंदणी नसेल तर त्याची वजावट मिळत नाही.

ताई, आता मला तीन गोष्टी सांगा. परतीचे कुरिअर किती लागते? कमिशन आणि पैसे जमा करण्याचा आकार, यांतले काय परत मिळते? आणि त्या बारांपैकी पुन्हा विकण्याजोग्या बाटल्या किती होत्या?

वेंगुर्ल्याची आगळवाली
परतीचे कुरिअर ६० रुपये लागते. कमिशन पूर्ण परत मिळते. बारांपैकी सात रोखीच्या ऑर्डरी होत्या. गिऱ्हाइकाने दारातूनच परत पाठवल्या, सील तसेच होते. त्यांवर पैसे जमा झालेच नव्हते, म्हणून तो आकारही लागला नाही. उरलेल्या पाच आगाऊ पैसे भरलेल्यांच्या होत्या. त्या वाटेत गळल्या होत्या, खोक्याचा तळ जांभळा होऊन मऊ पडला होता. त्यांचे पैसे परत केले, पण साडेआठ रुपयांचा आकार पोर्टलने ठेवून घेतला.

चिपळूणची हिशेबनीस
मग हिशेब असा होतो. परत आलेल्या प्रत्येक बाटलीवर जाण्याचे ७०, येण्याचे ६० आणि पॅकिंगचे २२ मिळून १५२ रुपये गेले, बारांचे १,८२४. गळलेल्या पाचांचा मालही गेला, म्हणजे आणखी ६५०, आणि अडकलेला आकार ४२.५०. एकूण नुकसान २,५१६.५०.

ही रक्कम १०० ने भागायची नाही, पोचलेल्या ८८ बाटल्यांनी भागायची, कारण पैसे तेवढ्याच बाटल्यांचे आले आहेत. बाटलीमागे २८.६० रुपये येतात. ७८.५० मधून ते वजा केले की ४९.९० उरतात. महिन्याची रक्कम ताळ्यासाठी पाहा: ८८ बाटल्यांचे ६,९०८, त्यातून २,५१६.५० वजा जाता ४,३९१.५०. कापलेला टीडीएस आणि परत आलेल्या सात चांगल्या बाटल्यांचा माल धरला, तर तुमच्या खात्याशी हा आकडा जुळायला हवा.

देवगडच्या दादांचा मार्ग गळलेल्या बाटलीला लागू पडतो. ती परत मागवली नाही, तर निदान परतीचे ६० रुपये वाचतात. पण सील शाबूत असलेली बाटली सोडून दिली, तर ६० वाचवण्यासाठी १३० चा माल जाईल.

मालवणचा दुकानदार
हिशेब पटला, पण तो प्रत्येक बाटलीवर लादण्याला माझा विरोध आहे. २८ रुपये किमतीत मिसळले की ते कायमचे किमतीतच राहतात, आणि नीट बाटली घेणारे गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गळक्या बाटलीचे पैसे भरते. परतीचे नुकसान महिन्याच्या वेगळ्या पानावर लिहावे, म्हणजे ते रोज डोळ्यांना बोचते आणि माणूस त्याचे कारण शोधतो. माझ्या मते खरा दोष रोखीच्या ऑर्डरींचा आहे. त्या बंद करा.

चिपळूणची हिशेबनीस
वेगळे पान ठेवाच, पण ३३० ला द्याल का असे एखाद्या गिऱ्हाइकाने विचारले, तर त्या क्षणी उत्तर बाटलीमागच्या आकड्यावरूनच द्यावे लागते. ७८.५० डोक्यात असतील तर माणूस सहज होकार देतो.

रोखीबद्दल मात्र आधी दोन्ही वाटा वेगळ्या मोजाव्यात. ताई, शंभरांत रोखीच्या किती होत्या?

वेंगुर्ल्याची आगळवाली
चाळीस. पोचलेल्या बाटलीवर पोर्टल दोन्हींना सारखाच आकार लावते.

चिपळूणची हिशेबनीस
रोखीच्या चाळीसांपैकी ३३ पोचल्या आणि नुकसान झाले १,०६४, म्हणजे पोचलेल्या बाटलीमागे ३२.२४. आगाऊ पैशांच्या साठांपैकी ५५ पोचल्या आणि नुकसान १,४५२.५०, म्हणजे बाटलीमागे २६.४१. परत येण्याचे प्रमाण रोखीत दुपटीहून जास्त असूनही फरक सहा रुपयांचाच पडतो, कारण गळलेली एक बाटली २९०.५० ला पडते आणि नाकारलेली १५२ ला. रोखी बंद केली, तर नुकसानाबरोबर ३३ बाटल्यांची विक्रीही जाईल. गळती थांबवली, तर विक्रीतले काहीच जात नाही.

मालवणचा दुकानदार
एका महिन्यातल्या पाच बाटल्यांवरून एवढे ठरवणे मला घाईचे वाटते. पुढच्या महिन्यात दोनच गळल्या, तर हे आकडे उलटे दिसतील. निदान तीन महिन्यांची बेरीज घ्यावी.

चिपळूणची हिशेबनीस
हे मान्य. आणि पावसाळ्यातले महिने वेगळे धरावेत, कारण ओल्या खोक्याची ताकद राहत नाही.

गुहागरकर
टीडीएसचे माझे चुकले, आज जुनी विवरणपत्रे काढून पाहतो. पण ताईंची स्वतःची मेहनत या १३० मध्ये आहे का? रोज खोकी बांधायला बसतात, त्याची मजुरी कुठेच दिसत नाही.

वेंगुर्ल्याची आगळवाली
नाही, त्यात फक्त मदतीला येणाऱ्या दोघींची मजुरी आहे. माझी किती धरावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

गळतीचे मात्र काल रात्री पाहिले. भरलेल्या दहा बाटल्या वर्तमानपत्रावर आडव्या ठेवल्या होत्या. सकाळी दोन बाटल्यांच्या तोंडाखाली जांभळे डाग होते. झाकण काढले, तर त्या दोन्हींच्या कडेला मिठाचे कण होते आणि सीलपट्टी तेवढ्याच जागी चिकटली नव्हती. आगळ भरताना ते तोंडावर सांडते आणि आम्ही पुसल्याशिवाय पट्टी लावतो. आजपासून प्रत्येक तोंड ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसते आहे, आणि पाठवण्याआधी रात्रभर आडवी ठेवते आहे.