शर्टावरचा माइक व्हिडिओतून पुसण्याचे अनुभव

परवा एका मुलाखतीत पाहुण्यांच्या शर्टावर वायर लोंबताना दिसली आणि मामाच्या एकसष्टीचा व्हिडिओ आठवला. ४ मिनिटांचं मनोगत, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, दुसऱ्या बटणाशी काळी क्लिप आणि खाली वायर. मामी म्हणाली, "तेवढं झुरळ काढ रे." मी आफ्टर इफेक्ट्समध्ये क्लिपभोवती मास्क काढून Content-Aware Fill चालवलं. बटणांचा नुसता चिखल! तुमचेही किस्से येऊ द्या.

खिडकीतला: ब्लर मारायचा ना सरळ.

मिरचीभजी: मग लोक विचारतील, शर्टावर कसली शिवी लिहिली होती 😂

जुना एडिटर: चिखल होणारच. ते फिल मागचा भाग दुसऱ्या फ्रेममधून शोधून आणतं. रस्त्यावरचा माणूस पुढे सरकला की मागची भिंत दिसते, पण क्लिपखालचं कापड ४ मिनिटांत एकदाही दिसत नाही. आणणार कुठून? मी एक फ्रेम फोटोशॉपमध्ये नेतो, क्लोन स्टॅम्पने तिथे कापड रंगवतो आणि तेवढाच तुकडा कडा मऊ करून व्हिडिओवर चिकटवतो. तो शर्टाबरोबर हलवायला मोका या ट्रॅकिंग प्लगइनचा ट्रॅक. क्लिप मात्र ट्रॅक करायची नाही, ती वळताना स्वतंत्र डोलते. बटणपट्टी आणि भोवतीच्या सुरकुत्या पकडा.

सानिकाची आई: आमच्या कीर्तनाच्या व्हिडिओत उपरणं घासून खरखर येते, ती पण अशीच जाते का?

मिरचीभजी: काकू, ती आवाजाची भानगड. इथे दिसणारा माइक चाललाय.

सानिकाची आई: अगं बाई. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता वाचलं.

खिडकीतला: पांढरा शर्ट सोपा की, एकच रंग.

जुना एडिटर: रंगवायला सोपा. पण सपाट पांढऱ्यात ट्रॅकरला धरायला काही सापडत नाही, तुकडा तरंगतो. चौकडीत उलटं, ट्रॅक घट्ट बसतो, पण रेघ केसभर सरकली तरी डोळ्यात भरते.

धागाकर्ता: केलं! पण ठिगळ मेल्यासारखं दिसत होतं.

जुना एडिटर: तुकडा एका फ्रेमचा, त्याचा ग्रेन थिजलेला. बाकीचा शर्ट बारीक बारीक चुळबुळत असतो. वरून ग्रेन टाका.

धागाकर्ता: टाकला, जमलं. तरी मामा पुढे झुकला की सावली बदलायची, मग ठिगळ उजळ. शेवटी प्रत्येक बैठकीला वेगळं, असे ५ तुकडे रंगवले. आता फक्त नमस्काराचे ३ सेकंद उरलेत. जोडलेल्या हातांवर शर्ट उगवतो.

जुना एडिटर: हात रोटोने कापून वर ठेवायचे. फ्रेम बाय फ्रेम. बोटं धूसर आहेत का?

धागाकर्ता: भयंकर धूसर.

मिरचीभजी: तिथे टाळ्या वाजवणारी मंडळी दाखव.

धागाकर्ता: पहिल्या रांगेत मामी जांभई देतेय.

सानिकाची आई: 😂😂 खरखरीचं कुणी सांगेल का?