मदत हवी आहे: फराळावर ५ टक्के जीएसटी लागला, तर तो खरा कोणाच्या खिशातून जातो?

लालबागची_सून

नमस्कार मंडळी. सासूबाई बरीच वर्षं लालबागला चकली, शेव, चिवडा करून विकतात. हाताखाली नऊ मावश्या आहेत. साधारण निम्मा माल घरगुती गिऱ्हाईक नेतं आणि निम्मा दादर-परळच्या सात दुकानांत जातो. हिशेब मी बघते. यंदा उलाढाल ४० लाखांच्या वर जाणार हे दिसतंय, म्हणजे जीएसटीत नोंदणी करावी लागणार आणि मालावर ५ टक्के कर.

घरात दोन तट पडलेत. चकली आज ५०० रुपये किलो आहे. दीर म्हणतात, "बिलात २५ रुपये वेगळे दाखव, गिऱ्हाईक देईल, आपला काय संबंध?" सासूबाई म्हणतात, "दुकानदार एक रुपया वाढवून देणार नाही, सगळं आपल्याच अंगावर येणार." दीरांकडे पुरावाही आहे. २०२१ मध्ये तेल भडकलं तेव्हा आम्ही चकली ४०० वरून ४४० केली. घरगुती ऑर्डरी जेमतेम ५ टक्के घटल्या आणि दुकानांच्याही तेवढ्याच.

बारावीला मागणीची लवचिकता शिकले होते, पण ती इथे कशी लावायची ते कळत नाही. दोघांपैकी बरोबर कोण?

माझगाव_डॉक

ताई, यात विचार करण्यासारखं काही नाही. मी तीस वर्षं धंदा केला, माझगावच्या विक्रीकर भवनात कितीतरी खेपा घातल्या. व्यापारी कधीच कर भरत नाही, तो गोळा करून सरकारला देतो. कायदाच तसा आहे. कर गिऱ्हाइकाचा, हात आपला. दीर बरोबर आहेत.

अंकगणित

काका, कर सरकारकडे कोण जमा करतो आणि भार कोणावर पडतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर कायद्यात आहे, दुसऱ्याचं बाजारात. तुम्ही बिलात "५०० अधिक २५" लिहिलंत आणि गिऱ्हाईक ५०५ च्या वर जायला तयार नसेल, तर महिन्याभरात तेच बिल "४८१ अधिक २४" होतं. बिलावर कर गिऱ्हाइकाच्याच नावाने दिसतो, पण तुमच्या हातात पूर्वी ५०० यायचे तिथे आता ४८१ येतात.

सूनबाई, सूत्र पाठ करू नका, असं बघा. कर लागल्यावर गिऱ्हाइकाचा भाव थोडा वर जातो आणि तुमच्या हातातला भाव थोडा खाली येतो. मधली फट २५ रुपयांची. भाव चढला म्हणून गिऱ्हाईक जेवढा माल कमी घेईल आणि भाव उतरला म्हणून तुम्ही जेवढा माल कमी कराल, त्या दोन घटी जिथे सारख्या होतात तिथे वाटणी थांबते.

तुमचेच आकडे घेऊ. २०२१ मध्ये भाव १० टक्के वाढला आणि मागणी ५ टक्के घटली, म्हणजे भावाच्या १ टक्क्यामागे मागणी अर्धा टक्का हलते. तुमच्या बाजूचं मी धरून चालतो: हातातला भाव १ टक्का उतरला तर तुम्ही चकली २ टक्के कमी कराल आणि मावश्यांना करंज्यांवर बसवाल.

आता गिऱ्हाईक ५२० देतं असं समजा. त्याला भाव ४ टक्के वाढला, मागणी २ टक्के घटली. तुम्हाला ४९५ मिळाले, भाव १ टक्का उतरला, माल २ टक्के घटला. दोन्ही घटी जुळल्या. म्हणजे २५ पैकी २० गिऱ्हाइकाचे, ५ तुमचे. ५१० धरून बघा, जुळत नाही: मागणी १ टक्का घटते आणि तुम्ही मात्र ६ टक्के माल कमी करता, मग माल कमी पडतो आणि भाव पुन्हा वर चढतो.

लालबागची_सून

सर, हे तर आरशासारखं स्वच्छ झालं! म्हणजे दीर बरेचसे बरोबर?

अंकगणित

थांबा, मुख्य अडचण आता सांगतो. २०२१ ला तेल एकट्या तुम्हाला महाग झालं होतं का?

तेव्हा दादर ते डोंबिवली प्रत्येक कढईतलं तेल महागलं होतं. गिऱ्हाइकाला चकली घ्यायचीच, तर पळून जायला जागा नव्हती. जी ५ टक्के घट दिसली ती चकली या पदार्थाच्या मागणीतली. आताचा कर मात्र फक्त तुमच्यावर येतोय. शेजारच्या गल्लीत ३० लाखांची उलाढाल करणाऱ्या काकू ५०० लाच देणार. दुकानदाराने त्यांना एक फोन केला की झालं. त्याच्या बाबतीत भावाच्या १ टक्क्यामागे मागणी आठ टक्केही हलू शकेल.

तोच हिशेब पुन्हा करा. दुकानदार ५०५ देतो, भाव १ टक्का वाढला, मागणी ८ टक्के घटली. तुमच्या हाती ४८०, भाव ४ टक्के उतरला, माल ८ टक्के घटला. जुळलं. म्हणजे २५ पैकी ५ त्याचे आणि २० तुमचे. कर तोच, चकली तीच, वाटणी बरोबर उलटी. सासूबाईंनी सूत्र न मांडता हेच सांगितलंय.

स्वयंपाकघर_वांद्रे

मला वाटतं सगळे उगाच खोलात जात आहेत. नियम सोपा आहे: गरजेची वस्तू असेल तर कर गिऱ्हाइकावर, चैनीची असेल तर विकणाऱ्यावर. दिवाळीत फराळ गरजेचाच.

रात्रपाळी

हा नियम अर्धाच आहे. गरज मोठी असली तरी पुरवठा किती हलतो तेही बघावं लागतं. माझ्या मामांचा गणपतीत उकडीच्या मोदकांचा स्टॉल असतो. चतुर्थीच्या दुपारी दोनशे मोदक तयार असतात आणि ते दुसऱ्या दिवशी विकता येत नाहीत. त्या घडीला कोणी मोदकामागे २ रुपये कर लावला, तर मामा माल कमी करूच शकत नाहीत, तो तयार आहे. जितक्यात दोनशेच्या दोनशे जातात तोच भाव राहणार आणि ते २ रुपये मामांच्याच खिशातून जाणार, मोदक नैवेद्याचा असला तरी. पण पुढच्या वर्षी मामा दोनशेऐवजी दीडशेच करतील, तेव्हा भाव चढेल आणि कर गिऱ्हाइकाकडे सरकेल. पहिल्या वर्षी जो भरतो तोच पाचव्या वर्षी भरेल असं नाही.

अंकगणित

अगदी बरोबर. जो सहज बाजूला होऊ शकतो तो कर कमी भरतो, आणि बाजूला व्हायला दोघांनाही वेळ लागतो.

हिशेब_तपासा

ताई, तुम्ही मुद्द्याचं विचारलंच नाहीत. कंपोझिशन योजना घ्या. दीड कोटीपर्यंत उलाढाल चालते, १ टक्का कर, कटकट कमी. बिलात कर दाखवायला बंदी आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाशी वादच नाही. नोंदणीसाठी पॅन, भाडेकरार किंवा वीजबिल तयार ठेवा.

लालबागची_सून

धन्यवाद, पण नोंदणी कशी करायची हा प्रश्न नव्हता. भार कोणावर, हे विचारलं होतं.

अंकगणित

तरी त्यांचा सल्ला भाराच्या प्रश्नाला येऊन भिडतो. सूनबाई, त्या सात दुकानांपैकी किती जण स्वतः नियमित जीएसटीत आहेत ते विचारून या.

कारण असं. जे दुकान नियमित जीएसटीत आहे ते तुमची चकली ६०० अधिक कर अशी विकतं असं धरू. ते आजही गिऱ्हाइकाकडून ३० रुपये कर घेतं. तुमच्याकडून आलेल्या मालावर काही वळतं होत नाही, म्हणून पूर्ण ३० सरकारला भरतं. उद्या तुम्ही २५ रुपये कराचं बिल दिलंत, तर दुकान त्या २५ ची वजावट घेईल आणि ५ च भरेल. सरकारकडे जाणारे ३० तेच राहिले. या साखळीत नवा भार आलाच नाही, मग वाटणी कशाची करायची? उलट तेल, डबे, पिशव्या यांवर तुम्ही भरलेला कर आता तुम्हालाही वळता होईल. आधी मांडलेला २० आणि ५ चा हिशेब अशा दुकानांना लागू नाही. तो नोंदणी नसलेल्या किंवा कंपोझिशनमधल्या दुकानांना लागू.

कंपोझिशन घेतलंत तर ही वजावट तुटते. तुम्हालाही नाही, दुकानालाही नाही. कर १ टक्काच, पण तो तुमच्या किमतीत मुरलेला राहतो. बिलात दिसत नाही म्हणून तो नाहीसा होत नाही.

माझगाव_डॉक

हे मात्र पटलं. आमच्या वेळी सगळं गिऱ्हाईक नोंदणीकृत कारखान्यांचं होतं, म्हणून कर सरळ पुढे जायचा आणि आम्हाला कधी टोचला नाही. मी त्यालाच नियम समजत होतो. पण घरगुती गिऱ्हाइकाचं काय? त्यालाही शेजारच्या काकू आहेतच की.

अंकगणित

आहेत, काका. म्हणून घरगुतीसाठी अर्धा टक्का हा आकडा मी विश्वासाने वापरणार नाही. सासूबाईंच्या भाजणीची चव ज्याला हवी तो कमी हलेल, आणि फक्त चकली हवी असलेला जास्त. मधे कुठे, हे इथे बसून सांगता येणार नाही. एक करता येईल: यंदा एकाच पदार्थाचा, समजा शेवेचा, भाव आधीच १० रुपये वाढवा, बाकीचे तसेच ठेवा आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी मागच्या वर्षाच्या वहीशी ताडून बघा. मात्र ऐन दिवाळीच्या आठवड्यात नको, तेव्हा सगळ्यांचीच मागणी चढलेली असते आणि भावाचा परिणाम त्यात बुडून जातो. तेल किंवा बेसन त्याच महिन्यात महागलं, तर ते निरीक्षणही सोडून द्या, २०२१ चीच चूक पुन्हा होईल.

लालबागची_सून

विचारून आले. सातपैकी चार दुकानं नियमित जीएसटीत आहेत. त्यातल्या एकांनी तर "बिल द्याल तर बरंच होईल" असंच म्हटलं. उरलेली तीन लहान आहेत. त्यातल्या परळच्या मामांनी सरळ सांगितलं, "वहिनी, ५०० च्या वर परवडत नाही, दुसरीकडून घेईन." सासूबाईंना हे सांगितलं तर त्या नुसत्या मान हलवून चकल्या मोजत राहिल्या.

एक प्रश्न अजून आहे आणि तो मला झोपू देत नाही. काल दीर म्हणाले, या तीन दुकानांचे पैसे सुटत नसतील तर मावश्यांचा दर किलोला ६० वरून ५५ करू. कराच्या कागदावर मावश्यांचं नाव कुठेच नाही. पण अंकगणित सरांचा हिशेब मी त्यांच्यावर लावून पाहिला. चौघी गुडघ्यांमुळे घरकामाला जाऊ शकत नाहीत, त्यांना बाजूला व्हायला जागाच नाही. म्हणजे तो भार त्यांच्यावर जाऊन बसणार ना?

अंकगणित

हो, त्या चौघींच्या बाबतीत असंच होईल. बाकीच्या पाचजणी दुसरीकडे जाऊ शकतात, त्यांचा दर दीर कापू शकणार नाहीत. पण एकाच पाटावर बसणाऱ्या नऊजणींना दोन दर देता येतील का, ते मला सांगता येत नाही.

रात्रपाळी

परळच्या मामांना ५०० लाच द्या, पण किलोऐवजी ९५० ग्रॅमचं पाकीट करून, वजन छापून?

लालबागची_सून

वजन छापलं तरी मामा किलोचाच भाव काढतील, तराजू त्यांच्या गल्ल्याशेजारीच असतो. त्या तीन दुकानांना चकलीऐवजी चिवडा देता येईल का बघते, तो शेजारच्या काकू करत नाहीत. मावश्यांचा दर या दिवाळीपर्यंत ६० च ठेवायला सासूबाई तयार आहेत, पुढचं अजून ठरलं नाही.