पर्याय नसलेल्या प्रश्नाला उत्तर कसे द्यावे? मदत हवी आहे

नमस्कार. दादरला आम्ही काही जण स्पर्धा परीक्षांचा अभ्यास एकत्र करतो आणि एकमेकांच्या शंका सोडवतो. परवा एका मुलीने प्रश्न पाठवला: ‘खालीलपैकी कोणती नदी अरबी समुद्रास मिळत नाही?’ फोटो खालून कापला गेल्यामुळे पर्यायांच्या जागी फक्त (१) हा आकडा तेवढा दिसत होता.

मी घाईने ‘गोदावरी’ असे कळवून टाकले. गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, त्यामुळे विधान म्हणून ते बरोबरच होते. पण पूर्ण पान आल्यावर पर्याय निघाले तापी, उल्हास, वाशिष्ठी आणि भीमा. उत्तर अर्थातच भीमा, कारण ती समुद्रापर्यंत न जाता कृष्णेला मिळते. त्या मुलीला मात्र वाटले, की भीमा कुठल्याच समुद्राला मिळत नसल्याने ती या प्रश्नात बसतच नाही, आणि हा गोंधळ माझ्या उत्तरानेच वाढवला.

महाराष्ट्र राज्याची स्थापना कधी झाली, असे विचारले असते तर पर्यायांवाचून १ मे १९६० असे निःशंक सांगता आले असते. ‘खालीलपैकी’ आणि त्यातही ‘नाही’ असलेल्या प्रश्नात मात्र अनेक बरोबर उत्तरे संभवतात.

अशा वेळी आपण आधी पर्याय मागवून थांबता, की प्रत्येक नदीचे पाणी शेवटी कुठे जाते हे तपासण्याची कसोटी लगेच सांगून, नेमके उत्तर पर्याय आल्यावर देता? परीक्षा रविवारी असल्याने नुसते थांबवून ठेवणेही मला पटत नाही.