मदत हवी आहे: चौथीच्या अपूर्णांकाआधी पालकांना पत्र लिहायचंय

खडूफळा:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पुढच्या सोमवारपासून अपूर्णांक सुरू करतेय, त्याआधी घरोघरी एका पानाचं पत्र द्यायचंय. पालक बरेचसे भाजीविक्रेते, बाकी मजुरीवर. गेल्या वर्षीचं पत्र मी "अध्ययन निष्पत्ती" या शब्दांनी सुरू केलं होतं. दुसऱ्या दिवशी एक आई विचारायला आल्या, "बाई, किती पैसे भरायचे?"

यंदाचा मसुदा असा: "मूल एका वस्तूचे सारखे भाग करून त्यातला भाग अंकांत लिहायला शिकेल, लहानमोठे अपूर्णांक ओळखेल, आणि १/२ व २/४ सारखेच का ते सांगेल. घरी भाकरी मोडताना त्याला अर्धी, पाव असं विचारा."

अडचण भाकरीचीच आहे. गेल्या वर्षी पोरं वर्गात येऊन "मोठा अर्धा मला मिळाला" म्हणायला लागली. आणि निम्म्या वर्गाने १/४ हा १/३ पेक्षा मोठा ठरवला. पत्रात नेमकं काय बदलू?

बाभूळझाड:
मसुद्यातला "सारखे" हा शब्द घरी पोचलाच नाही, म्हणून "मोठा अर्धा" आला. भाकरी हाताने मोडली की दोन तुकडे होतात, दोन अर्धे होतीलच असं नाही. पत्रात पालकांच्या तोंडचा प्रश्नच लिहून द्या: "दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेव. पुरतात का?" नाही पुरले तर तो अर्धा नाही, एवढंच. शाळेतून वहीच्या कागदाची एक पट्टी सोबत पाठवा, घडी घातली की वाद संपतो.

१/४ चं कारण वेगळं. पोर ४ आणि ३ हे दोन सुटे आकडे बघतं आणि ४ मोठा म्हणतं. त्याला विचारायचं, "एवढीच भाकरी तिघांत वाटली तर तुझ्या वाट्याला जास्त येईल की चौघांत?" इथे कोणी चुकत नाही. मग लगेच तेच कागदावर लिहायला लावायचं. तोंडी बरोबर आणि कागदावर चूक असेल, तर भाग कळलाय, लिहिण्याची रीत कळलेली नाही. भाकरी मात्र दोन्ही वेळी एकाच आकाराची हवी. लहान भाकरीचा अर्धा मोठीच्या पावाएवढा भरू शकतो.

जुनी_पाटी:
आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असायची. पत्रात एकच ओळ लिहा, रोज संध्याकाळी पाढे म्हणून घ्या. काही अडत नाही.

बाभूळझाड:
काका, शब्द कामाचे आहेत, पाव-पाऊण घरात रोज कानावर पडतात. पण नुसतं पाठ असलेलं पोर पावणेपाचला पाच आणि वर पाऊण समजतं. घड्याळात ४:४५ दाखवलं की गडबडतं. काटा दाखवून "पाचाला पाव कमी" म्हणा, मग बसतं.

आई_नाशिक:
माझा मुलगा सहावीत. १/२ + १/३ = २/५ करतो. वरचं वर, खालचं खाली. शाळेला पत्र लिहू का?

बाभूळझाड:
ताई, इथे शाळाच पालकांना पत्र लिहितेय. पण तुमच्यासाठी: पाच सारख्या घड्यांची पट्टी करून दोन भाग रंगवायला सांगा, आणि तेवढ्याच लांबीची दुसरी पट्टी मधोमध दुमडून शेजारी ठेवा. २/५ अर्ध्यापेक्षा कमी दिसेल. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि अर्ध्याहून कमी झालं, हे त्याचं त्यालाच खटकू द्या. छेद सारखे करायची रीत त्यानंतर.

तराजू_मापं:
आमचा भाजीचाच गाळा आहे. काटा आता इलेक्ट्रॉनिक, पण जुनी वजनं पडून आहेत. एका पारड्यात अर्ध्या किलोचं वजन, दुसऱ्यात पाव-पाव किलोची दोन. समतोल. माझ्या पोरीला त्यातून कळलं, पट्टी कुठे मिळाली नव्हती.

खडूफळा:
तराजू_मापं, हाच माझा १/२ आणि २/४ चा तास! किलोच्या चार भागांतले दोन. असं लिहितेय:

"पुढचे काही दिवस आम्ही पाव, अर्धा, पाऊण लिहायला शिकणार आहोत. पैसे भरायचे नाहीत. सोबतच्या पट्टीची घडी घाला आणि विचारा: दोन्ही भाग सारखे आहेत का? तिघांत वाटलं तर जास्त की चौघांत? घरी वजनं असतील तर अडीचशे ग्रॅमची किती ठेवली की अर्धा किलो होतो ते मुलाला करून बघू द्या. उत्तर चुकलं तर सांगू नका, पुन्हा घडी घालू द्या."

एक राहिलं. दोन घरांत मोठे भाऊ आत्ताच तिरकस गुणाकार शिकवतात. "घरी रीत शिकवू नका" असं लिहिलं तर राग येईल का?

जुनी_पाटी:
येणारच. शिकवू दे की.

बाभूळझाड:
लिहू नका, पण त्या दोन घरी एकदा जाऊन या. आधी गुणाकार हातात पडला की पोर घडी घालतच नाही.