'आओरिता' म्हणजे नक्की कधी?

> दुकानदार 'आओरिता' म्हणाला तर थांबायचं की निघायचं?

'आओरिता' हा स्पॅनिश शब्द, शब्दशः 'आत्ता'. मेक्सिकोत असाल तर दुकानदार पुढे काय करतो ते बघा. "आओरिता से लो त्राइगो" (आत्ता आणून देतो) म्हणत मागच्या खोलीत शिरला, तर थांबा. नुसतं "सी, आओरिता" म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, तर वेळ ठरलेली नाही. मेक्सिकोतल्याच पुएब्ला शहरात नळाच्या वायसरसाठी मी असा पाऊण तास उभा होतो. शेवटी विचारलं, "कोमो आ के ओरा?", साधारण किती वाजता? लगेच उत्तर आलं: "मान्याना", उद्या. वेळ विचारली की खरं कळतं, आणि कुणाला रागही येत नाही. फेरीवाल्याला तुम्ही "आओरिता नो, ग्रासियास" म्हणालात, तर तो सभ्य नकार. पोर्तो रिकोत मात्र आओरिता म्हणजे 'नंतर'च.