रक्तक्षयासमोर 'लोह' लिहिलं, तरी कारणाचा अर्धा गुण गेला

पाचोऱ्याचा पालक: सहावीतल्या मुलीच्या स्वाध्यायात 'जोड्या लावा आणि एका ओळीत कारण द्या' असा प्रश्न होता. तिने रक्तक्षय आणि लोह जोडलं. कारण लिहिलं, "लोह कमी पडलं की हिमोग्लोबिन कमी तयार होतं, म्हणून रक्त कमी ऑक्सिजन वाहतं." सरांनी अर्धा गुण कापला. आदर्श उत्तर होतं, "हिरव्या पालेभाज्या न खाल्ल्यामुळे." एवढ्याशा पोरांना हिमोग्लोबिन कशाला, असं सर म्हणतात, आणि मलाही ते पटतंय. तुम्हाला काय वाटतं?

शहाद्याच्या बाई: मला मुळीच पटत नाही. बावीस वर्षं हाच धडा शिकवतेय, म्हणून लांब लिहिते.

त्या आदर्श उत्तरातलं फक्त खाण्याचं नाव बदलून बघा. गाजर न खाल्ल्यामुळे रातांधळेपणा, आवळा न खाल्ल्यामुळे स्कर्व्ही. सहाच्या सहा ओळींना तेच वाक्य बसतं. मग त्या वाक्याने रक्तक्षयाबद्दल वेगळं काय सांगितलं? कशातून काय मिळतं हे वरच्या समतोल आहाराच्या तक्त्यात मुलांनी आधीच भरलेलं असतं. तेच खाली उतरवलं तर कारणाचा रकाना कोराच राहिला.

मी तपासताना एवढंच बघते, की कमी पडलेली वस्तू शरीरात कुठे कामाला येते ते मुलाने लिहिलंय का. जीवनसत्त्व अ पासून डोळ्याच्या पडद्यात मंद उजेड टिपणारं द्रव्य तयार होतं, म्हणून आधी दिवेलागणीला दिसेनासं होतं, भर दुपारी नाही. जीवनसत्त्व क नसलं की पेशींना बांधून ठेवणारं कोलॅजन नीट बनत नाही, म्हणून हिरड्यांतून रक्त येतं. तुमच्या मुलीने रक्तक्षयाचं नेमकं असंच लिहिलंय, पूर्ण गुणांचं.

याने काय बिघडतं तेही सांगते. आमच्या वर्गात धडगावकडचा एक मुलगा होता, वसतिगृहात राहायचा. फिकट चेहरा, डोळे पिवळसर, गुडघे धरून बसायचा. दोन वर्षं आम्ही सगळे त्याला "भाजी खात नाहीस" म्हणून रागावलो. मीसुद्धा. तो ताटातली भाजी चाटूनपुसून खायचा. शेवटी रक्त तपासलं तर सिकलसेल निघाला. निरोगी तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलसेलमध्ये दहा-वीस दिवसांत फुटते. त्याला लोह कमी नव्हतंच. 'भाजी न खाल्ल्यामुळे' एवढंच डोक्यात असलं की आपण पोरालाच दोष देतो. 'हिमोग्लोबिन कमी' असं डोक्यात असतं तर पुढचा प्रश्न आपोआप सुचला असता, की ते कमी बनतंय की लवकर मोडतंय?

अमळनेरचे गुरुजी: बाई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण तो इथे लागू नाही. सिकलसेल आनुवंशिक आजार आहे, अभावजन्य नाही. प्रश्न अभावजन्य आजारांचा होता. आणि साठ वह्या एका रात्रीत तपासणाऱ्याच्या हातात आदर्श उत्तराचा कागद असतो. त्याबाहेर गुण दिला तर दुसरा पालक भांडायला येतो, ते कोण निस्तरणार? सहावीतलं मूल ऑक्सिजन वाहण्याबद्दल पाठ करून लिहितं, कळून नाही.

शहाद्याच्या बाई: सिकलसेल अभावजन्य नाही हे मान्य. म्हणूनच त्या ओळीत नुसतं 'रक्तक्षय' छापू नये, 'लोहाच्या अभावाने होणारा रक्तक्षय' छापावं. नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळेत तर नक्कीच. पण पाठांतराचं म्हणाल तर 'पालेभाज्या न खाल्ल्यामुळे' हे काय वेगळं आहे? ते तर जास्तच पाठ केलेलं आहे.

धुळ्याचा भाऊ: एवढं लांब कशाला जायचं? मनी माय सांगे, "वांगं काळं पडस म्हंजे त्यामा लोखंड शे." आपल्या खान्देशात भरीत खाणाऱ्याला रक्त कमी पडायलाच नको. माझ्या पोराने हेच कारण लिहिलं आणि त्याच्या मॅडमनी बरोबर दिलं. केळंही काळं पडतं, त्यातही लोह.

जळगावची लॅबवाली: भाऊ, हे चुकीचं आहे. वांगं चिरलं की आतलं एक विकर हवेशी गाठ पडून फोडीतल्या द्रव्यांना काळं करतं. लोहाचा त्यात संबंध नाही. 100 ग्रॅम वांग्यात लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी, केळ्यातही तसंच. घरी बघा. स्टीलच्या सुरीने दोन फोडी करा. एक तशीच ठेवा, दुसरी चिरल्या चिरल्या उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाकून मग बाहेर ठेवा. उष्णतेने विकर मरतं, लोह मरत नाही. उकळलेली फोड पांढुरकीच राहिली तर काळेपणा लोहाचा नव्हता.

धुळ्याचा भाऊ: म्हणजे माझी आई खोटं बोलायची? चार पोरं वाढवली तिने, एकालाही रक्त चढवावं लागलं नाही. तुम्ही लॅबमध्ये बसून आम्हाला वांगं शिकवू नका.

जळगावची लॅबवाली: आईंना मी खोटं म्हटलेलं नाही. त्या लोखंडी कढईत अंबाडीची भाजी करत असतील तर तुम्हाला लोह खरंच मिळालं असेल. आंबट पदार्थ कढईतलं लोखंड उतरवून घेतो. श्रेय कढईचं, वांग्याला मिळालं. पण 'काळं पडतं म्हणून लोह' याला बरोबरची खूण केली तर ते मूल उद्या सफरचंदाबद्दलही तेच लिहील.

सावद्याची ताई: माझं हिमोग्लोबिन 9 आलं होतं. घरात रोज मेथी नाहीतर पोकळा असतो. सासूबाई म्हणायच्या अजून खा. लोहाच्या गोळ्या तीन महिने घेतल्या, आकडा हलला नाही. मी काय खायला पाहिजे होतं? आम्ही माळकरी, अंडंसुद्धा नाही.

जळगावची लॅबवाली: ताई, रिपोर्टवर एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशीचा सरासरी आकार, किती होता?

सावद्याची ताई: 112. नंतर डॉक्टरांनी बी-12 ची इंजेक्शनं दिली, तेव्हा आठ आठवड्यांत 11 वर आलं.

जळगावची लॅबवाली: तेच. लोह कमी असलं की पेशी लहान आणि फिकट होतात, एमसीव्ही 80 च्या खाली जातो. बी-12 कमी असलं की मोठ्या होतात. पालेभाजीत बी-12 नसतंच, ते दूध-दही आणि मांसाहारातून येतं. तुम्ही भाजी कितीही वाढवली असती तरी उपयोग नव्हता.

अमळनेरचे गुरुजी: ताईंचं ऐकून एक कबूल करतो. 'पालेभाज्या न खाल्ल्यामुळे' हे वाक्य त्यांच्या बाबतीत सरळ चुकीचं ठरतं, आणि हा आजार तर अभावजन्यच आहे. मुलीला तो अर्धा गुण द्यायला हवा होता. पण पालेभाजीवाल्या मुलाचा गुण मी तरीही कापणार नाही. सहावीत तेवढंही पुष्कळ.

शहाद्याच्या बाई: मी त्याला अर्धा देईन, आणि वहीत लिहीन, "भाजीतल्या लोहाचं शरीरात काय होतं?"

पाचोऱ्याचा पालक: सरांशी बोलतो. गुणासाठी नाही, ओळीत 'लोहाच्या अभावाने' छापण्यासाठी. मुलीला मात्र सांगून बसलोय की तिचं चुकलं. ते आज परत घ्यावं लागेल.

धुळ्याचा भाऊ: आत्ता करून बघितलं. उकळलेली फोड पांढुरकीच आहे, दुसरी तपकिरी. पण तिसरी फोड मी आईच्या जुन्या लोखंडी विळ्यावर चिरली, ती सगळ्यांत आधी काळी पडली, चिरलेल्या रेघेवर तर निळसर काळी. याचं काय?

जळगावची लॅबवाली: ते लोह खरं आहे, भाऊ. पण विळ्याचं.