प्रतिसाद: ६२१ की ६३१?

>> "फोटोत आकडा ६२१ दिसतोय की ६३१ तेच कळत नाही. मांसाहार टाळणाऱ्यासाठी फरक पडतो का?"

पडतो, चांगलाच पडतो. पाकिटावरच्या घटकांच्या यादीतले हे आकडे म्हणजे खाण्यात मिसळलेल्या पदार्थांचे क्रमांक. ६२१ म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. ते साधारणपणे साखर किंवा स्टार्च आंबवून बनवतात. ६३१ म्हणजे डायसोडियम इनोसिनेट. तेही आंबवून बनतं, पण मासे किंवा मांसापासूनही काढता येतं आणि नुसत्या आकड्यावरून स्रोत कळत नाही. वर कुणीतरी आकडा पुसट असेल तर त्याआधी छापलेला गट वाचायला सांगितलंय. ते ३२२ की ३३२ अशा गोंधळाला लागू पडतं, कारण पहिला इमल्सिफायर आहे आणि दुसरा आम्लता नियंत्रक. इथे मात्र दोन्ही 'चव वाढवणारे'च, त्यामुळे गट वाचून काही निष्पन्न होत नाही.

अशा वेळी मी शेजारचे आकडे बघते. ६३१ बहुतेकदा ६२७ च्या जोडीनं येतं. म्हणजे 'चव वाढवणारे (६२१, ६२७, ६?१)' असं असेल, तर पुसट आकडा ६३१ धरायचा, कारण एकाच कंसात ६२१ दोनदा कशाला छापतील? आणि ६३५ दिसलं तर ते पाकीटही बाजूला ठेवा, त्यात ६२७ आणि ६३१ दोन्ही असतात. कंसात एकच पुसट आकडा असेल तर मात्र अंदाज नकोच. पाकीट सपाट ताणून, फ्लॅश बंद करून, उजेड तिरका घेऊन पुन्हा फोटो मागवा (चकचकीत घडीवर २ चा ३ व्हायला वेळ लागत नाही). ६३१ नक्की झालं, की स्रोताबद्दल उत्पादकालाच विचारायचं.